पीसीआयची वार्षिक प्रश्नावली: लेव्हल ४ असूनही पोर्टलने सर्वांत लांब अर्ज दिला, असं का?

अवनी_के

नमस्कार मंडळी. माझा भेटवस्तूंचा छोटा व्यवसाय आहे. कार्डाचे पैसे तीन वाटांनी येतात. वेबसाइटवर पेमेंट गेटवेचा फॉर्म आमच्याच पानात दिसतो, ग्राहकाला दुसरीकडे जावं लागत नाही. दुकानात एक कार्ड मशीन आहे, ते राउटरला वायरने जोडलेलं आहे. शिवाय काही जुने ग्राहक फोनवर ऑर्डर देतात, तेव्हा त्यांचा कार्ड नंबर आम्ही त्याच मशीनवर हाताने टाकतो. वर्षाकाठी ऑनलाइन तीनेक हजार व्यवहार होतात आणि मशीनवर अकरा-बारा हजार.

आमची कार्ड पेमेंट ज्या बँकेमार्फत जमा होतात, तिचा मेल आला आहे की पीसीआय डीएसएस या कार्ड सुरक्षेच्या नियमांची वार्षिक प्रश्नावली भरा, नाही भरली तर दर महिन्याला जादा शुल्क लागेल. पोर्टलवर सुरुवातीला थोडे प्रश्न विचारले आणि शेवटी दोन गोष्टी दाखवल्या: 'लेव्हल ४' आणि प्रश्नावलीचा प्रकार 'एसएक्यू डी'. उघडून पाहिलं तर दोनशेहून जास्त प्रश्न. फायरवॉलचे नियम, लॉग किती महिने ठेवता, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कोण सांभाळतं. यातलं आमच्याकडे काहीच नाही.

लेव्हल ४ म्हणजे सगळ्यांत खालची पायरी ना? मग सगळ्यांत लांब अर्ज मला का?

रघूकाका

अवनी, घाबरू नकोस. लेव्हल ४ म्हणजे लहान व्यापारी. आपल्याकडे तपासायला कोणी येत नाही. मी दरवर्षी सगळीकडे 'हो' लावतो, सही करतो, विषय संपतो. तुझा गेटवे पीसीआय प्रमाणित असेलच, म्हणजे तूही त्यात आलीस.

टिंबटिंब

ग्राहकाला ओटीपी येतो का तुमच्या साइटवर? येत असेल तर पेमेंट सुरक्षितच आहे, मग वेगळी प्रश्नावली कशाला? बँकेला तेच कळवा.

माधवी_तपासनीस

माझं रोजचं काम याच तपासण्यांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिंबटिंब, ओटीपीने एवढंच ठरतं की कार्ड वापरणारा माणूस खरा धारक आहे. ही प्रश्नावली दुसरंच विचारते: कार्डाचा नंबर दुकानदाराच्या हातून, यंत्रातून, पानातून जातो तेव्हा तो चोरीला जाण्याची वाट कुठे उघडी आहे का. ओटीपी चालू असलेल्या साइटवरूनही नंबर चोरले जातात आणि मग ओटीपी न मागणाऱ्या ठिकाणी वापरले जातात.

रघूकाका, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, तपासायला सहसा कोणी येत नाही. पण गेटवे प्रमाणित असला म्हणजे आपण आपोआप त्यात आलो असं होत नाही. गेटवेचं प्रमाणपत्र गेटवेच्या यंत्रणेपुरतं. तुमच्या काउंटरवरचं मशीन कोणी बदललं का, हे त्यांना कुठून कळणार? आणि 'सगळीकडे हो' याबद्दल खाली बोलते.

अवनी, तुझा घोळ इथे आहे की लेव्हल आणि अर्जाचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोर्टल दोन्ही एकाच पडद्यावर दाखवतं.

लेव्हल ठरते वर्षभरातल्या व्यवहारांच्या संख्येवर, आणि ती मोजतात प्रत्येक कार्ड कंपनीची वेगवेगळी. व्हिसाचं उदाहरण घे. वर्षाला ६० लाखांहून जास्त व्यवहार असतील तर लेव्हल १. तिथे प्रश्नावली चालत नाही, पूर्ण लेखी तपासणी अहवाल लागतो. १० लाख ते ६० लाख म्हणजे लेव्हल २. फक्त ऑनलाइन व्यवहार २० हजार ते १० लाख असतील तर लेव्हल ३. ऑनलाइन २० हजारांच्या आत, आणि सगळे मिळून १० लाखांच्या आत, तर लेव्हल ४. तुझे सगळे मिळून पंधरा हजारांच्या आसपासच आहेत, त्यामुळे लेव्हल ४ बरोबरच आहे. म्हणजे तपासणी तू स्वतः करायची आणि सही करून बँकेला द्यायची. लेव्हलचा अर्थ एवढाच: खातरजमा कोणी करायची. एक लक्षात ठेव, एखाद्या व्यापाऱ्याकडून कार्डांची माहिती फुटली तर संख्या कितीही कमी असो, त्याला थेट लेव्हल १ वर नेण्याचा अधिकार कार्ड कंपन्यांकडे असतो.

अर्जाचा प्रकार मात्र संख्येवर ठरत नाही. तू कार्ड कसं स्वीकारतेस यावर ठरतो. वर्षाला पन्नास व्यवहार करणारा माणूस कार्ड नंबर स्वतःच्या संगणकात साठवत असेल तर त्यालाही 'डी'च भरावा लागतो. 'डी' म्हणजे जो दुसऱ्या कुठल्याच प्रकारात बसत नाही त्याचा अर्ज. तुला तो मिळाला, म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नांत एखाद्या उत्तराने तुला बाकीच्या प्रकारांतून बाहेर काढलं. कुठल्या प्रश्नाला 'हो' म्हणालीस ते बघ. माझा अंदाज, 'तुम्ही कार्डधारकाची माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता का' हा असेल.

अवनी_के

बरोबर ओळखलंत माधवीताई. त्याला मी 'हो' लिहिलं, कारण ऑनलाइन ऑर्डरींच्या यादीत ग्राहकाचं नाव आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात, आणि मशीनच्या पावत्या आम्ही स्कॅन करून ठेवतो. त्यावरही नंबर फुल्या मारलेलाच असतो.

माधवी_तपासनीस

मग उत्तर 'नाही' असायला हवं. फक्त शेवटचे चार आकडे उरलेले असतील तर ती कार्डाची साठवलेली माहिती धरत नाहीत, कारण त्यातून पूर्ण नंबर उभा करता येत नाही. पण 'नाही' लिहिण्याआधी खरंच शोध घे. ऑर्डरींच्या ईमेलमध्ये कुणी पूर्ण नंबर पाठवलेला आहे का, जुन्या एक्सेलमध्ये आहे का, मशीनच्या दुकानदाराकडच्या प्रतीवर पूर्ण नंबर छापला जातो का. काही मशीनवर ग्राहकाच्या प्रतीवर फुल्या असतात आणि दुकानदाराच्या प्रतीवर अख्खा नंबर असतो, तेव्हा स्कॅन केलेल्यांतल्या दहाबारा पावत्या डोळ्यांनी बघ.

आणि फोनवरच्या ऑर्डरींचं नीट सांग. ग्राहक नंबर सांगतो तेव्हा तो थेट मशीनवर टाकता, की आधी कुठे लिहून घेता?

अवनी_के

मशीन काउंटरला आहे आणि फोन आतल्या खोलीत. त्यामुळे काम करणारी मुलगी चिठ्ठीवर लिहून घेते: नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. मग काउंटरला जाऊन टाकते. चिठ्ठ्या ऑर्डरच्या कागदाला टाचणीने लावून फाइलमध्ये जातात.

माधवी_तपासनीस

तुझ्या सगळ्या प्रकरणात तातडीची गोष्ट हीच आहे, प्रश्नावलीच्याही आधी.

मागचे तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यावर ठेवताच येत नाहीत. कागदावर नाही, कुलूपबंद कपाटात नाही, एन्क्रिप्ट करूनही नाही. ग्राहकाने स्वतः परवानगी दिली तरी नाही. पूर्ण नंबर कागदावर ठेवता येतो, पण मग तो कुठे आहे, कोणाच्या हाती जातो, कधी आणि कसा नष्ट होतो या सगळ्यांची उत्तरं अर्जात द्यावी लागतात. तुला तो नंबर नंतर लागतो का? परतावा द्यायचा झाला तर मूळ व्यवहाराच्या क्रमांकावरून देता येतो.

म्हणून फाइलमधल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून घाल. उभ्या पट्ट्या कापणारं यंत्र नको, त्या पुन्हा जुळवता येतात. आडवंउभं कापणारं हवं. आणि पुढे फोन काउंटरशी घ्या किंवा मशीन फोनपाशी न्या, म्हणजे नंबर ऐकता ऐकता थेट मशीनवर पडेल आणि कागदच लागणार नाही.

सुलभा_प

माझंही थोडं असंच आहे म्हणून विचारते. आम्ही फोनवरही ऑर्डर घेतो आणि वाद होऊ नये म्हणून सगळे कॉल रेकॉर्ड होतात. कागदावर आम्ही काही लिहीत नाही. मग आम्ही सुटलो ना?

माधवी_तपासनीस

नाही हो सुलभाताई. त्या रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकाच्या आवाजात नंबर आणि मागचे तीन आकडे आहेत. ती इलेक्ट्रॉनिक साठवण झाली, चिठ्ठीपेक्षा अवघड, कारण ती कुठेकुठे कॉपी झाली ते कळत नाही. आणि साठवण आहे म्हटल्यावर तुमचाही अर्ज 'डी'कडे जातो. नंबर सांगायच्या वेळी रेकॉर्डिंग थांबवण्याची सोय फोन सेवा देणाऱ्याकडे असते का ते विचारा. हाताने बटण दाबायची सोय असेल तर माणूस कधीतरी विसरतोच, आपोआप थांबणारी असेल तर बरी. जुन्या रेकॉर्डिंगचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल.

निखिल_डेव्ह

मी वेबसाइटी बनवतो, त्या बाजूचं सांगतो. अवनी, तुमच्या साइटवर फॉर्म 'आमच्याच पानात दिसतो' म्हणालात. दिसणं सारखं असलं तरी आत दोन प्रकार असू शकतात आणि अर्ज त्यावर बदलतो. एक प्रकार असा:

```html
<iframe src="https://pay.example.com/form"></iframe>
```

यात खिडकी तुमच्या पानात आहे, पण आतलं सगळं गेटवेच्या सर्व्हरवरून येतं. हा 'एसएक्यू ए'. दुसरा असा:

```html
<form action="https://pay.example.com/charge" method="post">
  <input name="cardnumber">
</form>
```

यात रकाने तुमच्या सर्व्हरने बनवले, नंबर फक्त गेटवेकडे पाठवला जातो. हा 'ए-ईपी', आणि तो कितीतरी मोठा आहे.

पानाचा सोर्स उघडून बघू नका, कारण बऱ्याच वेळा खिडकी जावास्क्रिप्टने नंतर तयार होते आणि सोर्समध्ये दिसतच नाही. कार्ड नंबरच्या रकान्यात क्लिक करा, राइट क्लिक करून Inspect उघडा आणि तिथून वर वर बघत जा. त्या रकान्याच्या वर कुठेतरी iframe आहे का आणि त्याचा src गेटवेच्या पत्त्याचा आहे का, एवढंच बघायचं. काही गेटवे प्रत्येक रकान्याला वेगळी छोटी खिडकी देतात, तेही चालतं. 

iframe सापडला की झालं, तुमच्या साइटवर मग काहीच करायचं उरत नाही.

अवनी_के

बघितलं. तिन्ही रकान्यांना वेगवेगळे iframe आहेत आणि तिन्हींचा पत्ता गेटवेचाच आहे.

माधवी_तपासनीस

निखिल, Inspect चा मार्ग अगदी बरोबर. शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही, आणि यात छोटे व्यापारी हमखास अडकतात म्हणून जरा थांबून सांगते.

iframe च्या आत काय आहे ते बाहेरच्या पानाला वाचता येत नाही, हे खरं. पण बाहेरचं पान कोणाच्या ताब्यात आहे? अवनीच्या. तिच्या साइटवर गप्पांची खिडकी आहे, भेटी मोजणारं साधन आहे, एखादं जुनं प्लगइन आहे. त्यातल्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये कोणी घुसलं तर त्याला गेटवेची खिडकी फोडायची गरजच नाही. तो ती लपवतो आणि तिच्या जागी हुबेहूब दिसणारे स्वतःचे रकाने ठेवतो. ग्राहक नंबर टाकतो, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं दिसतं, मग खरी खिडकी उघडते आणि व्यवहार नीट पार पडतो. दुकानदाराला पैसे मिळतात, ग्राहकाला वस्तू मिळते, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणालाच काही कळत नाही.

यासाठी पीसीआयच्या चौथ्या आवृत्तीत दोन अटी आल्या: पेमेंटच्या पानावर कुठल्या स्क्रिप्ट चालतात त्याची यादी आणि कारण ठेवा, आणि पानात बदल झाला तर कळेल अशी सोय करा. आधी त्या 'ए'मध्येही होत्या. जानेवारी २०२५ मध्ये त्या 'ए'च्या प्रश्नांतून काढल्या आणि ३१ मार्च २०२५ पासून त्यांच्या जागी पात्रतेची एक अट आली: तुमची साइट अशा स्क्रिप्टच्या हल्ल्याला बळी पडणारी नाही याची तुम्ही खात्री केलेली आहे. प्रश्न कमी झाले, पण ही अट पाळली नाही तर 'ए' भरायचा हक्कच राहत नाही. बरेच जण सुरुवातीचं पात्रतेचं पान न वाचता खूण करून पुढे जातात, म्हणून हे निसटतं.

अवनी, तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, त्या दोन अटी स्वतः किंवा कुणाकडून करवून घेणं. दुसरी, गेटवेकडून लेखी घेणं की त्यांनी सांगितल्याप्रमाणे फॉर्म बसवला असेल तर त्यांच्या सोयीत अशा हल्ल्यांपासून संरक्षण आहे. त्या पत्रातली 'सांगितल्याप्रमाणे बसवला असेल तर' ही ओळ महत्त्वाची. त्यांच्या सूचना काय आहेत आणि तुझ्या साइटवर तसंच आहे का, हे पाहून ठेवावं लागेल.

आणि तिसरी वाट, खिडकी काढून ग्राहकाला सरळ गेटवेच्या पानावर पाठवणं. ही स्क्रिप्टची अट पानात फॉर्म बसवणाऱ्यांना लागू आहे, ग्राहकाला पूर्ण दुसरीकडे पाठवणाऱ्यांना नाही.

निखिल_डेव्ह

पात्रतेच्या अटीचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण दुसऱ्या पानावर पाठवलं की धोका संपतो असंही नाही ना? घुसलेला माणूस 'पैसे भरा' बटणाचा पत्ताच बदलू शकतो.

माधवी_तपासनीस

अगदी खरं. म्हणूनच दुसरीकडे पाठवणाऱ्या साइटलाही 'ए'मधले बाकीचे प्रश्न आहेतच: मूळचे पासवर्ड बदलले का, प्रत्येकाचं वेगळं खातं आहे का, पासवर्ड किमान १२ अक्षरांचा आहे का, अतिगंभीर त्रुटीची दुरुस्ती महिन्याच्या आत बसवता का. आणि बाहेरून होणारं स्कॅन. नियमाने अट नाही म्हणून धोका नाही, असं मी म्हणणार नाही.

रघूकाका

हे स्कॅन काय प्रकरण आहे? मला कधी कोणी मागितलं नाही.

माधवी_तपासनीस

काका, तुमच्याकडे वेबसाइट आहे की फक्त मशीन, आणि ते कशावर चालतं, त्यावर आहे. पीसीआय कौन्सिलने मान्यता दिलेली कंपनीच हे स्कॅन करू शकते, त्यांना एएसव्ही म्हणतात. तीन महिन्यांतून किमान एकदा ते बाहेरून तुमच्या साइटचा किंवा इंटरनेटच्या पत्त्याचा सर्व्हर ठोकून बघतात. ० ते १० च्या मोजपट्टीवर ४ किंवा त्याहून वरची एकही त्रुटी राहिली की नापास. साधारणपणे छोट्या साइटी नापास होतात त्या दुकानाच्या पानामुळे नाही, तर त्याच सर्व्हरवरच्या विसरलेल्या गोष्टींमुळे: होस्टिंगच्या पॅनलचं पोर्ट जगाला उघडं, किंवा एन्क्रिप्शनचं जुनं टीएलएस १.० अजून चालू. ते बंद करायचं आणि पुन्हा स्कॅन मागवायचं.

अवनी, पहिल्याच वर्षी चार पास स्कॅन दाखवायची गरज नसते. अगदी अलीकडचं पास असावं आणि दर तीन महिन्यांनी करायचं हे लिहून ठरवलेलं असावं. मात्र ते लवकर मागव, कारण पहिल्यांदा पास होणारे थोडे.

सुलभा_प

आमची साइट भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर आहे, सर्व्हर आमचा नाही. मलाही स्कॅन?

माधवी_तपासनीस

पेमेंटच्या पानासकट सगळं त्यांच्याच सर्व्हरवर असेल तर स्कॅन त्यांच्या तपासणीत येतं. तुम्ही त्यांचं चालू वर्षाचं अनुपालनाचं पत्र मागून ठेवा. फक्त त्या पत्रात तुम्ही घेतलेली सेवा लिहिली आहे का ते पाहा. कंपनीचं पत्र असतं, पण ते तिच्या दुसऱ्याच सेवेचं असतं, असं बऱ्याचदा निघतं.

अवनी_के

आता मशीनचं. पोर्टलवर मशीनसाठी तीन-चार प्रकार दिसतात, त्यातला माझा कोणता?

माधवी_तपासनीस

तुझं मशीन स्वतंत्र आहे, संगणकाला जोडलेलं नाही, आणि इंटरनेटवरून चालतं. त्याचा अर्ज 'बी-आयपी'. पण त्याची एक अट तुझ्याकडे बहुतेक मोडते. मशीन दुकानातल्या इतर कुठल्याही यंत्रापासून वेगळ्या जाळ्यात असलं पाहिजे. तुझ्या राउटरवर आणखी काय काय आहे?

अवनी_के

बिलाचा संगणक, दोघींचे मोबाइल, कॅमेरे, आणि ग्राहकांनी मागितलं तर त्यांनाही वायफाय देतो.

निखिल_डेव्ह

बापरे. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये व्हीलॅन, म्हणजे एकाच राउटरवर वेगळी जाळी करायची सोय, आहे का बघा. असेल तर मशीनच्या पोर्टला वेगळं व्हीलॅन द्या आणि तिथून बाकीच्यांकडे व बाकीच्यांकडून तिथे सगळं बंद करा. नुसतं 'गेस्ट वायफाय' चालू केलंत तर ग्राहक वेगळे होतील, पण बिलाचा संगणक आणि कॅमेरे मशीनच्याच जाळ्यात राहतील. झालं की नाही ते तपासायला लॅपटॉप बिलाच्या संगणकाच्या जागी जोडा आणि मशीनचा पत्ता पिंग करा. उत्तर आलं तर वेगळं झालेलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, काही मशीन पिंगला मुळातच उत्तर देत नाहीत, तेव्हा राउटरचे नियमही वाचा.

माधवी_तपासनीस

छान सांगितलंस. राउटरच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेव अवनी, उत्तराचा पुरावा तोच. आणि मशीनची नोंद: मॉडेल, मागचा अनुक्रमांक, ठेवण्याची जागा. ठरलेल्या अंतराने अनुक्रमांक जुळतो का, कार्ड घालायच्या फटीवर काही चिकटवलंय का, सील उचकटलंय का हे बघून सही करायची. 'दुरुस्तीला आलोय' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला मशीन द्यायचं नाही, आधी बँकेला फोन करायचा, हे त्या मुलीलाही सांग. हाही प्रश्नच आहे अर्जात.

रघूकाका

एवढं सगळं 'हो' लिहिण्यासाठी?

माधवी_तपासनीस

हो काका, कारण तिथे 'हो' असा पर्यायच नाही. In Place असा आहे, आणि प्रत्येक प्रश्नाखाली तपासणी कशी करायची तेही लिहिलेलं असतं: अमुक कागद वाचा, अमुक सेटिंग बघा, अमुक माणसाला विचारा. ते करून झालं तरच In Place. लागूच नसेल तर Not Applicable, पण मागच्या परिशिष्टात कारण लिहावं लागतं. उदाहरणार्थ, अवनीने चिठ्ठ्या बंद केल्या तर कागद नष्ट करण्याच्या प्रश्नाला ती लिहील: 'कार्डाची माहिती कागदावर घेतली जात नाही, फोनवरचा नंबर थेट मशीनवर टाकला जातो.' एवढं पुरतं.

एखादी गोष्ट झालेली नसेल तर Not in Place लिहायचं. मग शेवटच्या जाहीरनाम्यात अनुपालन पूर्ण नाही असं येतं आणि केव्हापर्यंत करणार ती तारीख द्यावी लागते. लोकांना याची धास्ती वाटते, पण बँकेला तारखेसह खरं उत्तर हाताळता येतं. मालकाने सही करून दिलेलं खोटं In Place मात्र माहिती फुटल्यावर तपासनीसाच्या टेबलावर पहिलं येतं. दुकानात वर्षानुवर्षं सगळं 'हो' आणि राउटरवर सगळं एकाच जाळ्यात, हे त्याला पहिल्या दिवशी दिसतं. काका, रागावू नका, तुमच्या काळजीने लिहिते.

रघूकाका

रागवत नाही गं. माझं मशीन फोनच्या लाइनवर आहे, जाळ्याचा प्रश्न नाही. पण पावत्यांवर नंबर पूर्ण आहे का ते आज बघतो.

निखिल_डेव्ह

अवनीकडे आता वेबसाइटचा 'ए' आणि मशीनचा 'बी-आयपी' असे दोन झाले. पण मी ऐकलंय की दोन वाटा असतील तर सरळ 'डी'च भरावा लागतो.

माधवी_तपासनीस

माझ्या पाहण्यात दोन्ही आहेत. काही बँका दोन वेगळे अर्ज घेतात, काही एकच 'डी' मागतात आणि त्यात लागू नसलेलं Not Applicable करायला सांगतात. निर्णय अर्ज स्वीकारणाऱ्या बँकेचा. दोन्ही वाटा एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत हे मात्र दाखवता आलं पाहिजे. मी असते तर लेखी विचारलं असतं आणि उत्तर अर्जाला जोडलं असतं.

निखिल_डेव्ह

माझ्या एका ग्राहकाला बँकेने फोनवर 'दोन भरा' सांगितलं आणि पोर्टलने 'डी'च धरून ठेवला. म्हणून लेखीच बरं, हे पटतं.

अवनी_के

इतक्यात झालेलं सांगते. सुरुवातीचं उत्तर बदललं, पोर्टलने 'डी' काढून 'ए' आणि 'बी-आयपी' दोन्ही उघडून दिले. बँकेलाही मेल केला, त्यांनी दोन अर्ज चालतील असं लिहून दिलं आहे. चिठ्ठ्या गेल्या. फोनची वायर लांबवून तो काउंटरला आणला. स्कॅन पहिल्यांदा नापास झालं, माधवीताईंनी म्हटलं तसंच, होस्टिंगचं पॅनल उघडं होतं. होस्टिंगवाल्यांनी ते बंद केलं, पुन्हा स्कॅन लावलंय.

अडलंय ते गेटवेच्या पत्रावर. त्यांनी पाठवलेल्या पत्रात 'आमची सेवा पीसीआय अनुपालित आहे' एवढंच आहे, स्क्रिप्टच्या हल्ल्याबद्दल एक शब्द नाही.

माधवी_तपासनीस

ते पत्र दुसऱ्या प्रश्नाला चालेल, सेवा देणाऱ्याचं अनुपालन वर्षातून एकदा तपासता का या प्रश्नाला. स्क्रिप्टच्या अटीला चालणार नाही. त्यांना नेमका प्रश्न लिही: 'तुमचे पानात बसवलेले रकाने तुमच्या सूचनांप्रमाणे वापरले तर व्यापाऱ्याच्या पेमेंट पानाचं स्क्रिप्टच्या हल्ल्यांपासून संरक्षण होतं का, आणि त्या सूचना कुठे आहेत?' उत्तर येईपर्यंत 'ए'वर सही करू नकोस. 'बी-आयपी' वेगळा आहे, व्हीलॅन झालं की तो पुढे नेता येईल. गेटवेने नकार दिला तर मी वर म्हटलं तशी स्क्रिप्टची यादी आणि पानातला बदल कळण्याची सोय करायची, किंवा ग्राहकाला त्यांच्या पानावर पाठवायचं.

अवनी_के

पानावर पाठवायला जिवावर येतं, ग्राहक मध्येच सोडून जातात. पण पेमेंटच्या पानावर गप्पांची खिडकी आणि भेटी मोजणारं साधन कशाला हवं, हा विचार मी आजवर केला नव्हता. निखिल, त्या एका पानावरून ती काढता येतील का?

निखिल_डेव्ह

नक्की येतील, आणि यादीही त्यामुळे छोटी होईल. पानाचा पत्ता नको, तुमच्या साइटचं थीम आणि प्लगइनची नावं मला निरोपात पाठवा.

सुलभा_प

माधवीताई, जाता जाता एकच. आमचा फोन इंटरनेटवरून चालतो, साध्या लाइनवर नाही. रेकॉर्डिंग थांबवलं तरी ग्राहकाचा आवाज त्या जाळ्यातून जातोच. मग ते जाळंही यात आलं का?

माधवी_तपासनीस

नंबर बोलला जातो तेवढ्यापुरतं ते जाळं कार्डाची माहिती वाहून नेतं, म्हणून हो, विचारात घ्यावंच लागतं. पण तुमच्या खोलीतला फोन, राउटर आणि सेवा देणारी कंपनी यांतलं किती तुमच्या अर्जात आणि किती त्यांच्या, हे तुमची जोडणी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि बँकाही यावर एकसारखं उत्तर देत नाहीत. फोन डेस्कवरच्या यंत्रावर येतो की संगणकावरच्या अॅपमध्ये? संगणकावर असेल तर त्यावर आणखी काय काय चालतं? एवढं लिहा, मग बघू.

सुलभा_प

अॅपमध्ये, आणि त्याच संगणकावर ऑर्डरीही टाकतो. उद्या दुकानात जाऊन नीट बघते आणि इथेच लिहिते.